छत्तीस नंबरचं नाव

वार्षिक सभेला आठ दिवस उरले होते आणि टिकाराम मेश्रामांना विषयपत्रिकेतल्या एकाही विषयाची धास्ती नव्हती. धास्ती होती ती पहिल्या पाच मिनिटांची.

"हिशोब, ऑडिट, बोअरवेल, सगळं होऊन जाते," ते जेवताना म्हणाले. "सुरुवात कशी करू, ते सांग मले."

आम्रपालीनं पोळीचा तुकडा हातात तसाच धरला. तिनं केमिस्ट्रीत एमएससी केलं होतं, त्यामुळे घरातलं प्रत्येक लिखाण तिच्याकडेच येई. "स्वागत करायचं, कोरम सांगायचा, बोलायचे नियम सांगायचे. त्यात काय बाबा?"

"त्यात कृष्णराव आहे."

मागच्या सप्टेंबरातली सभा घरात सगळ्यांना आठवत होती.

स्मृति नगरातली ती छत्तीस घरांची सोसायटी कृष्णराव पिंपळकरांनी उभी केली होती. रेल्वेत गार्ड होते, मूळचे नागपूरकडचे. घरं घेतली ती बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, छत्तीसगढी अशा सगळ्यांनी, बहुतेक पोलादाच्या प्लांटमधले. पहिल्या सभेत कुणाला कुणाचं नाव धड घेता येईना. म्हणून कृष्णरावांनी सुरुवातीला रजिस्टर उघडून एक नंबरच्या घरापासून प्रत्येकाचं नाव घेतलं आणि प्रत्येकाला नमस्कार केला. ज्याचं नाव येई तो उठून हात जोडी. मग दरवर्षी तसंच होऊ लागलं. चार मिनिटं लागत. भांडायच्या तयारीनं आलेला माणूसही पस्तीस नमस्कार ऐकेपर्यंत थंड होई. शेवटचं घर कृष्णरावांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. "छत्तीस," असं म्हणून ते स्वतःलाच हात जोडत, "और ये महाशय, जो आपका समय ले रहे हैं." सगळे हसत, आणि सभा सुरू होई.

मागच्या वर्षी ते हसू फार टिकलं नाही. टिकारामांना दुसरं बोअरवेल हवं होतं, कृष्णराव म्हणत होते, जमिनीतलं पाणी खाली चाललंय, आधी गळती शोधू. तेव्हा टिकाराम भर सभेत ओरडले, "तुमाले काय पानी लागते? दोनच म्हातारी मानसं घरात!"

कृष्णरावांचा मुलगा अभिनव त्याच उन्हाळ्यात बायकामुलांसह बंगळुरूला गेला होता. महिनाभरात कृष्णरावांनी अध्यक्षपद सोडलं, घर अभिनवच्या नावावर केलं, आणि टिकाराम समोरून आले की फाटकातून मागे फिरू लागले. समितीनं टिकारामांना अध्यक्ष केलं. त्यांना ते नको होतं.

"मी गेलो होतो त्याच्याकडे," टिकाराम आता म्हणाले. "म्हटलं, सभेले या. यंदा तुमच्यासारखी सुरुवात करून राहिलो, सगळ्यांची नावं घेऊन."

"मग?"

"म्हणाला, येतो. कशी करतोस पाहतो." टिकाराम ताटाकडे बघत हसले. वर्षभरात पहिल्यांदा ते कृष्णरावांचं नाव घेऊन हसले होते.

आम्रपालीनं ते काम मन लावून केलं. सचिव हेमराज साहूंकडून सदस्य रजिस्टरची ताजी प्रत घेतली आणि नावं क्रमानं टाइप केली. कुणाच्या नावापुढे श्री, कुणाच्या श्रीमती, हे दोनदा तपासलं. चार नंबरचे वारले होते, त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी चंपा वर्मांचं नाव होतं. तेही नीट घातलं. दरवर्षीच्या नमुन्यात सर्वांत वर एक ओळ होती: निमंत्रितांचे स्वागत. सहकार खात्याकडून कुणी येणार नाही असं हेमराजांनी सांगितलं, तेव्हा तिनं ती ओळ काढून टाकली. रिकामी ओळ कशाला?

रविवारी अकराला हॉल भरला. आम्रपाली बाजूच्या भिंतीशी बसली होती; इतिवृत्ताचे मुद्दे टिपायला हेमराजांनी तिला बसवून घेतलं होतं. कृष्णराव आले तेव्हा खुर्च्यांमधून कुजबुज झाली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. ते शेवटच्या रांगेत बसले.

हेमराजांनी कोरम पुरा असल्याचं सांगितलं. टिकाराम उठले, घसा साफ केला.

"सब सदस्यों को मेरा नमस्कार. मत अलग हो सकते हैं, घर तो पास-पास ही रहेंगे. जो बोलना है, हाथ उठाकर, अध्यक्ष की तरफ देखकर, तीन मिनट में. पिछले साल ये बात सबसे पहले मैं भूला था." कुणीतरी पुटपुटलं, "वाह." टिकारामांनी कागद उचलला. "पहले, जैसे हमारे यहाँ होता आया है. एक नंबर..."

नावं सुरू झाली. माणसं उठू लागली, हात जोडू लागली, बसू लागली. चंपाबाईंनी पदरानं डोळे टिपले. वीस झाले, पंचवीस झाले. मागच्या रांगेत कृष्णराव प्रत्येक नावाला मान हलवत होते, जणू गाडीचे डबे मोजत होते. तिशीनंतर ते पुढे सरकून बसले. पस्तीस झालं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले होते, हात जुळत आले होते, ओठांवर जुना विनोद तयार होता.

आम्रपालीला तेव्हा कळलं. कागद तिनंच टाइप केला होता. शेवटची ओळ तिच्या डोळ्यांपुढे आली.

"छत्तीस," टिकाराम म्हणाले, "श्री अभिनव पिंपळकर."

ते थबकले. कागदावरून नजर वर गेली. पण हेमराजांनी हजेरीवर नजर टाकून म्हटलं, "अनुपस्थित," आणि नावं संपली म्हणून हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

कृष्णरावांनी हात हळूच गुडघ्यांवर ठेवले आणि ते खाली बसले. टिकारामांनी तोंड उघडलं, तेवढ्यात हेमराज मागच्या सभेचं इतिवृत्त वाचू लागले. ते कायम झालं. पुढच्या विषयाला कृष्णराव उठून बाहेर गेले.

आम्रपाली वही ठेवून धावली. "काका! चूक माझी आहे. मी रजिस्टरवरून..."

"चूक कुठे, पोरी? रजिस्टर बरोबर आहे. मी सदस्य नाही." त्यांनी चष्मा पुसला. "मीच सही केली त्याच्यावर. पण तुझ्या बापानं बोलावलं, म्हणून वाटलं..." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "जा, लिहायचं राहील तुझं."

सभा इतकी शांत कधीच झाली नव्हती. सगळ्यांनी हात उठवून, तीन-तीन मिनिटं बोलून, बोअरवेलआधी गळती शोधायची असं एकमतानं ठरवलं. कृष्णराव मागच्या वर्षी म्हणत होते तेच.

दुपारी बापलेक छत्तीस नंबरच्या फाटकाशी गेले. विजयाकाकू बाहेर आल्या. "ते निजले," त्या म्हणाल्या. मागच्या खोलीत पंखा फिरत होता आणि कुणीतरी खोकलं.

"वहिनी, त्याले सांगा," टिकाराम म्हणाले, "वाचताना मले दिसलं होतं. मी थांबायले पाहिजे होतं. नाव माझ्या तोंडात होतं, कागदावर कशाले पाहिलं मी..."

"सांगते." त्यांनी फाटक लावलं, जोरानं नाही.

घरी आल्यावर आम्रपालीनं इतिवृत्त लिहायला घेतलं. पहिल्या मुद्द्यावर ती बराच वेळ अडली. मग लिहिलं: अध्यक्षांनी सर्व सदस्यांचे क्रमाने स्वागत केले. तिनं ते दोनदा तपासलं. त्यात खोडायला काही नव्हतं.