कॅफीन काढलेल्या कॉफीची बरणी

माझी नणंद ऑफिस सुटलं की परस्पर आमच्याकडे येते, पर्स खुर्चीला अडकवते आणि लाडात विचारते, "बाबा, कॉफी करू?" मग ती मुलगी आणि तिचे बाबा, मोठा मग, हसणं-खिदळणं. तासाभरात ही आपल्या घरी जाऊन ढाराढूर झोपते. बाबा, म्हणजे माझे सासरे, रात्रभर टक्क जागे. भिंतीला धरून खोल्यांमधून फिरतात, दिवे लावतात, आणि त्यांच्यामागे मी. मागच्या महिन्यात ते पडलेच. हाड मोडलं नाही एवढंच नशीब.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. धडधाकट माणसाला दिवसाला चारशे मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे साधारण चार कप कॉफी. चहात त्याच्या निम्मंच असतं. पण प्यायलेल्यातलं अर्धं अंगातून जायलाच पाच-सहा तास लागतात, आणि या वयात आणखी वेळ लागू शकतो. तेव्हा बाबांना सकाळी दोन कप चहा, दुपारच्या जेवणानंतर काही नाही. फारच वाटलं तर कॅफीन काढलेली कॉफी. तिच्यात ते अगदी नावाला उरतं. मी ती आणली, बरणीत भरली, वर चिठ्ठी चिकटवली.

तरी झोप नाहीच. ताईंनी, म्हणजे या नणंदेने, माझ्या नवऱ्याचे कान भरायला सुरुवात केली. "वहिनीला नाही जमत रे बाबांचं. दुपारी झोपू देत असेल. चांगला वृद्धाश्रम बघू या." आणि माझा नवरा, तीन महिन्यांच्या जाग्रणांनी पिचलेला, तयार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली बघायला जायचं ठरलं, म्हणून ताई आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला येणार होत्या. बाबांना कोणी विचारलंसुद्धा नाही. ते आपले कपाटातले शर्ट उगाच घड्या घालून पुन्हा ठेवत होते.

त्या दुपारी ओटा पुसताना माझ्या लक्षात आलं की बरणी संपतच नाही. रोजचा एक मग, तोही चमचा शीग लावून, आणि बरणी आपली गळ्यापर्यंत. झाकण उघडून वास घेतला. कचऱ्याचा डबा उलटा केला. तळाशी कागदात गुंडाळलेली रिकामी पिशवी निघाली, साध्या, कडक कॉफीची. आमच्या घरात ती कोणी आणतच नाही. म्हणजे ताईच ती बरणीत भरत होत्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांची लाडकी व्हायचं हिने, आणि नालायक ठरायचं मी! नवऱ्याला फोन करणार होते, पण ताईंना मी ओळखते. डोळ्यांत पाणी आणून मलाच खोटं पाडलं असतं. मी बाजारातून कॅफीन काढलेल्या कॉफीचं नवं पाकीट आणलं, वेगळ्या डब्यात ठेवलं आणि वाट बघत बसले.

संध्याकाळी ताई कॉफी करायला उठायच्या आत मीच गेले स्वयंपाकघरात. बाबांना नव्या पाकिटातली. ताईंचा मग त्या बरणीतला, बरणी मगाशेजारीच टेबलावर.

"मला नको गं. दुपारनंतर एक घोट घेतला तरी डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या."

म्हणजे बाईसाहेबांना सगळं ठाऊक होतं.

"अहो, ही कॅफीन काढलेली. बाबांची. तुम्हीच करता ना रोज?"

"घे की," नवरा म्हणाला. "बाबांना चालते, तुला काय होतंय?"

ताईंनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गोड हसले. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं, पण त्यांनी तो मग उचलला. संपल्यावर मी दुसरा भरला. तोही त्यांना मुकाट घ्यावा लागला. इतकं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं.

सकाळी बाबा उशिरा उठले, केस विस्कटलेले, गालावर उशीची सुरकुती. "आज अंग हलकं वाटतंय," म्हणाले. ताई टेबलाशी बसल्या होत्या, डोळे लाल.

"तुला काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"दुपारी झोपल्या असतील," मी म्हणाले.

ताईंचा चेहरा पडला. मी कचऱ्यातली पिशवी बरणीशेजारी ठेवली. "काल बाबांनी यातली घेतली नाही. ताईंनी घेतली."

नवऱ्याने पिशवीवरची अक्षरं वाचली आणि पिशवी बहिणीपुढे धरली.

"ती दुसरी बाबांना पाणचट लागायची," ताई पुटपुटल्या. "एका कपाने काय होतंय, असं वाटलं."

"तू माझ्यासाठी करत होतीस?" बाबांनी विचारलं. "आणि पाठवणार होतीस मला?"

ताई रडू लागल्या. मला कीव यायला हवी होती. आली नाही. नवऱ्याने वृद्धाश्रमात फोन करून येत नसल्याचं कळवलं. मी बरणीतला शीग लावलेला चमचा मगात रिकामा केला, वर उकळतं पाणी ओतलं आणि तो मग ताईंपुढे सरकवला.

"आता घ्या," मी म्हणाले. "सकाळ आहे."