दुसरी खुर्ची

वच्छलाबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं त्याला चार महिने झाले होते. ऑपरेशन झालं, पण पाय काही नीट टेकेना. तेव्हापासून त्या अकोल्याला, जठारपेठेत, लेकीकडे पडून होत्या. रागिणी शिकवण्या सांभाळून त्यांचं सगळं करायची. उचलताना तिच्या कमरेत चमक भरे, पण ती बोलत नसे.

मुलगा रोहित बायको शालूसोबत अमरावतीला. शेवंतीचा भाव तोडणीच्या मजुरीलाही पुरेना झाला, तेव्हा बाईंनी फुलांचा अर्धा एकर विकला होता. त्यातूनच रोहितचा फ्लॅट झाला. आता त्याने आईसाठी व्हीलचेअर मागवायचं कबूल केलं होतं, आणि त्याचं रागिणीला बरंही वाटत होतं.

त्या सकाळी ती आईच्या खाटेसमोर बसून कणीक मळत असताना त्याचा फोन आला. हात भरलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"ताई, दोन खुर्च्या लागल्या..." एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

खाटेवरून आई म्हणाली, "दोन? एक इथं अन् एक तिकडं! रागिणी, मले अमरावतीले नेऊन राहिला वाटते तो."

 रागिणीच्याही मनात तेच आलं होतं. दोन महिने तरी. दोन महिने कुणी हाक मारणार नाही, आपण नुसतं झोपू. हात धुऊन ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं आणि फोन लावला.

"अगं, पैसे भरायचं पानच उघडेना," रोहित सांगू लागला. "ओटीपी टाकला, चक्र फिरत राहिलं. दहा मिनिटं पाह्यलं. मले वाटलं गेलं नाई, म्हणून मागं येऊन पुन्हा भरले. मग बँकेचे दोन मेसेज एकदमच आले. दोन्ही ऑर्डरी पक्क्या झाल्या."

"पाठवल्या त्यायनं?"

"नाई. दोन्हीपुढं 'अजून पाठवली नाही' लिहून आहे. तोवर एक रद्द करता येते."

"रोहित, रद्द कावून करतं? एकीचा पत्ता बदल. तुझ्या घरचा टाक."

"थांब, पाहू दे," रोहित म्हणाला.

"पत्ता बदलता येते ना?"

"येते," तो म्हणाला. "तसं बटन आहे. पण शालूले विचारावं लागन."

"मग विचार. मायनं ऐकलंय, दोन म्हणून. तिले वाटून राहिलं, तू नेतो."

"बरं."

तासाभराने त्याचा फोन आला, तो तिने गॅलरीत जाऊन घेतला. आवाज हलका झाला होता. "ताई, केली रद्द. संध्याकाळी माल निघणार होता, मग रद्द झाली नसती, दारात आल्यावर परत करावी लागली असती. कारण विचारलं होतं, 'चुकून ऑर्डर झाली' असं टाकलं. आठ दिवसांत पैसे परत येतीन. तुझ्याकडची परवा येते."

"शालू काय म्हणली?"

"विचारलं नाई मी."

रागिणी गॅलरीतच उभी राहिली. खाली भाजीवाली बेबीताई ओरडत होती, "मेथी घ्या, मेथी!" मग तिने फोन ठेवून दिला.

आईला तिने काहीच सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हणाली मनाशी. आणि बाईंनी दोन दिवसांत दोन लुगडी वेगळी काढायला लावली, शेजारच्या रहिमाबीला सांगितलं, "मी चालली बाप्पा लेकाकडं." रहिमाबी म्हणाली, "अच्छा है, हवापालट होईन." रागिणीने लुगड्यांच्या घड्या घालून दिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोकं आलं. डिलिव्हरीवाल्याने सही घेतली.

"दुसरी कवा येते?" बाईंनी खाटेवरून विचारलं.

"या पत्त्यावर एकच आहे, आजी."

"हौ, ती अमरावतीले गेली असन," बाई त्याला म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी रागिणीकडे पाहिलं. "गेली ना?"

रागिणीने खोक्याची दोरी कापली. "नाई, माय. ती रद्द केली त्यानं. चुकून झाली होती. पान उघडत नव्हतं म्हणून दोनदा पैसे भरले गेले."

बाईंनी वेगळ्या काढलेल्या लुगड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "चुकून."

"हौ."

"कवा समजलं तुले?"

"त्याच दिवशी."

"तरी लुगडी काढू दिली तू."

 रागिणी चाकं बसवत राहिली.

"त्याच्यावर राग नाई मले," बाई म्हणाल्या. "त्याचं घर त्याच्या बायकोचं हाय. पण दोन खुर्च्या म्हणला तवा तुयं तोंड मी पाह्यलं, रागिणी. असं उजळलेलं मी तुले या चार महिन्यांत पाह्यलं नव्हतं."

रागिणीने खुर्ची खाटेला लावली, ब्रेक दाबला आणि आईच्या काखेत हात घातले. बाईंनी मान वळवून घेतली, पण अंग सैल सोडलं. दुसरं करायचं तरी काय होतं?