निसटलेली व्हील कॅप

अंधेरीहून निघालेली फियाट आरे कॉलनीतून मुलुंडला चालली होती. जयंतीने ती तिथल्या एका माणसाला विकायची ठरवली होती. तिचा नवरा नंदकिशोर जाऊन दोन महिने झाले होते आणि घरात दुसरं कुणी गाडी चालवणारं नव्हतं. म्हणून तिचा भाऊ श्यामकांत चालवायला आला होता. ती शेजारी बसून बाहेरची झाडं बघत होती.

एका खड्ड्यानंतर खणकन आवाज झाला. चकचकीत व्हील कॅप चाकावरून उडून पुढे पळाली आणि गवतात दिसेनाशी झाली.

दोघं शोधायला उतरली. पलीकडच्या पाड्यावरची पार्वती डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. तिनेच ती काट्यांतून काढून दिली.

श्यामकांतने कॅप रिमवर टेकवली आणि मधोमध दगड हाणला. कॅपला पोचा आला, पण ती बसेना.

"राहू दे रे दादा, अजून पोचे येतील," जयंती म्हणाली. "टूलबॉक्समधली पक्कड दे."

नंदकिशोर चाक बदलायचा तेव्हा बॅटरीचा उजेड तीच धरायची. ती रस्त्यावर मांडी घालून बसली. रिमवर पत्र्याच्या तीन क्लिपा होत्या. त्यांतली एक आत दबली होती. मागच्या आठवड्यात पंक्चरवाल्याने कॅप वाकडी ठोकली होती, तेव्हाच ती दबली असणार. जयंतीने ती पकडीने किंचित बाहेर ओढली. जास्त ओढली तर तुटते, हे तिला ठाऊक होतं. मग कॅपची कड आधी दोन क्लिपांत अडकवली आणि तिसरीपाशी तळव्याने जोरात थाप मारली. खट्. हाताने हलवून पाहिली, हलत नव्हती.

"मालकांनी शिकवलं का, ताई?" पार्वतीने विचारलं.

"हो."

"ते नाय आले?"

"वारले ते," जयंती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने बोलली होती. बाजारातला भाव सांगावा तसा तिचा आवाज निघाला. श्यामकांतने मान फिरवली. पार्वतीने भारा खाली टेकवला आणि गाडी सुरू होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

मुलुंडला गिऱ्हाईक, तुळशीदास, दारातच उभा होता. त्याने पोचा पाहिला, पण तक्रार केली नाही.

किल्ली देताना जयंतीने त्याला सांगितलं, "कॅप काढताना स्क्रू-ड्रायव्हर एकाच जागी घालून उचकटू नका. चपटी पट्टी घ्या, खाली फडकं ठेवा, अन् कडेकडेने थोडी थोडी सैल करत जा. नाहीतर क्लिप दबते आणि रस्त्यात उडते."

"बरं, बाई."

परतीच्या बसमध्ये तिचा तळवा ठणकू लागला. थाप मारली होती तिथे तो लाल होऊन सुजला होता.

"दुखतंय का गं, जयू?" श्यामकांतने विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "खूप दुखतंय रे."

त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. अंधेरी येईपर्यंत तिने तो सोडवून घेतला नाही.