आठवणीचा अर्धा निरोप

बायको समुद्रावर आणि सासू माझ्या डोक्यावर, अशी सध्या माझी परिस्थिती. बायको समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर काम करते. यंत्रातून खाली आवाज सोडायचा, तो तळाला आपटून किती वेळाने परत येतो ते ऐकायचं आणि त्यावरून खोली काढायची. एकेक फेरी कित्येक महिन्यांची. मी इकडे पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे सासूबाईंना माझ्यावर लक्ष ठेवायला जिना उतरण्याचेच काय ते कष्ट.

जाताना बायकोने बजावलं होतं, "रडगाणं लिहायचं नाही हं. मला तिथे मन लावून काम करायचंय." मी शब्दाचा पक्का. रोज एकच निरोप पाठवायचो : सगळं ठीक. तोसुद्धा तोलूनमापून, कारण जहाजावर आमचे निरोप उपग्रहावरून जातात. एका वेळी जेमतेम दोन ओळी मावतात आणि त्या जेवणाच्या खोलीतल्या सामाईक यंत्रावर उमटतात. जेवायला बसलेल्या कोणीही मान वळवावी आणि वाचावं. तिथे लाडेलाडे काय लिहिणार, कपाळ!

त्या सकाळी तिचा निरोप आला. "लगेच दुसरी फेरी आहे. संध्याकाळपर्यंत नाव द्यायचंय. माझ्यावाचून तुमचं छान चाललंच आहे, तर देऊ?"

मी हातातला पाना खाली ठेवला. छान चाललंय? घर खायला उठतं मला! पण चूक कोणाची? रोज 'सगळं ठीक' लिहून मीच तिला पटवलं होतं की तिच्यावाचून इथे काही अडत नाही.

सासूबाईंना निरोप वाचून दाखवला, ओरडून. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणजे जे ऐकायचं नसतं ते तर अजिबातच येत नाही.

"मग लिहा की, आठवण येते म्हणून," त्या म्हणाल्या. "त्यात एवढं काय घोडं अडलंय?"

मी फोनवर शोधून एक मजकूर काढला. त्यात चंद्र होता, चातक होता, विरह तर ओळीओळीला होता.

"हे तुम्ही दुधवाल्याला पाठवलंत तरी चालेल," सासूबाई म्हणाल्या. "यात माझी मुलगी कुठाय?"

मला राग आला. रागारागाने मनात होतं ते लिहिलं : तुझ्याशिवाय करमत नाही, जेवण जात नाही, तू नाव देऊ नकोस.

त्यांनी चष्मा पुसला आणि दोनदा वाचलं. "ही आठवण नाही हो, जावईबापू, हे समन्स आहे. ती हातचं काम टाकून धावत येईल. आणि पुढे प्रत्येक भांडणात ते जहाज तुमच्या डोक्यावर आपटेल. मी ओळखते ना तिला, माझंच कार्टं आहे."

"मग लिहू काय? तुम्हीच सांगा!"

"ती नाही हे तुम्हाला नेमकं कधी जाणवतं? तेवढंच लिहा. आणि तिला मोकळं सोडा."

हे सांगायला सोपं. मी चिडून पुन्हा कामाला लागलो. एका गिऱ्हाइकाचा टेबलफॅन घरघरत होता. बुश बदलला, तेल दिलं, बटण दाबलं आणि सवयीने मागे वळत म्हणालो, "ऐक गं, गेला का आवाज?"

कोण ऐकणार? माझे कान पंपांच्या धडधडीत वाया गेलेत. बारीक घरघर मला कळतच नाही, ती बायकोला कळते. संध्याकाळी ती दुकानात डोकावायची, डोळे मिटून पंख्यापाशी उभी राहायची आणि म्हणायची, "अजून आहे, डावीकडे." आणि ती डावीकडेच असायची. आता मी सासूबाईंना विचारतो. त्या चालू पंख्यालाही 'छान' म्हणतात आणि बंद पंख्यालाही.

मी पंखा तसाच फिरता सोडून फोन काढला. भर दुकानात, समोर गिऱ्हाईक उभं असताना.

मग लिहायला वेळ लागला नाही. निरोप दोन भागांत बसला. पहिला : "पंखा दुरुस्त केला की अजून 'ऐक गं' म्हणून वळतो. तू नसतेस. आईंना विचारतो, त्या बंद पंख्यालाही छान म्हणतात. तुझी फार आठवण येते." दुसरा : "फेरीचं तुझ्या मनाने ठरव. मला दोन्ही चालेल. उत्तराची घाई नाही."

"आता कसं!" सासूबाई म्हणाल्या. "वाचून हसेल, मग जरा रडेल, आणि कोणी बघितलं तरी लाजायचं कारण नाही. पाठवा."

आणि इथे माझ्या धंद्याने माझा घात केला. आम्ही दुरुस्तीवाले नवीन तार एकदम मोटरला जोडत नाही. आधी साधा बल्ब लावून बघतो. गेला तर बल्ब जाईल. सकाळपासून लाइन अधूनमधून तुटत होती. म्हटलं, एवढ्या जिवाभावाचा मजकूर अधांतरी राहायला नको, आधी छोटा भाग पाठवून लाइन तपासू.

दुसरा भाग पाठवला. 'पोहोचला' असं आलं. खूश होऊन पहिला पाठवला. नुसतंच चक्र फिरत राहिलं, आणि लाइन गेली.

"गेला का?" सासूबाईंनी विचारलं.

"अर्धा गेला."

"कुठला अर्धा?"

मी सांगितलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे माझ्या पोरीला एवढंच कळलं, की ये नाहीतर नको येऊस, आम्हाला काही फरक पडत नाही, आणि उत्तरही देऊ नकोस?"

तोपर्यंत हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. शिरलं आणि मी फोन घेऊन गच्चीवर पळालो. जसा काही माझा फोन उंच धरल्याने उपग्रह खाली येणार होता! दुपारी लाइन क्षणभर आली, तेव्हा तिचाच निरोप टपकला : "ठीक. नाव दिलं."

तीनच शब्द. माझी बायको तीन शब्दांत थांबते तेव्हा ती रागावलेली तरी असते, नाहीतर रडून आलेली तरी. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ती गेली तर गेली, काम आहे तिचं. पण आपण कोणालाच नकोत असं समजून जायची? सासूबाई धापा टाकत गच्चीवर आल्या आणि माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. एकदाही टोमणा मारला नाही. त्यानेच मी जास्त घाबरलो.

उन्हं कलली तसं अडकलेल्या पहिल्या भागाचं चक्र थांबलं. पोहोचला.

 मग लागोपाठ दोन निरोप आले.

"मघाशी नाव रागाने दिलं होतं. खोडायला गेले, मग नाही खोडलं. काम आवडतं रे मला. आता खुशीने जाते."

आणि दुसरा : "इथे जेवताना शेजारच्या खुर्चीत कोणाला बसू देत नाही. सगळे मला वेडी म्हणतात. बोलले नव्हते, म्हटलं तुला रडगाणं वाटेल. जाऊ ना?"

मी वाचून दाखवलं. ओरडलो नाही, तरी सासूबाईंना सगळं ऐकू गेलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "लिहा. लाइन जाईल परत."

मला ती घरी हवी होती. अगदी उद्याच्या उद्या हवी होती.

"जा," मी लिहिलं. "आठवण येतच राहील, आता रोज कळवीन." आणि या वेळी दोन्ही वाक्यं एकाच निरोपात पाठवली.