कोरे बूट

चामराजपेटच्या अहल्याबाई घाटापलीकडच्या धर्मस्थळ या तीर्थक्षेत्राच्या पदयात्रेला निघणार होत्या. लांबच्या शर्यती धावणाऱ्या रघुनंदननं, त्यांच्या मुलानंच, त्यांना सगळं शिकवलं होतं. "आई, उन्हात पाय सुजतात, बूट थोडे मोठेच घे आणि रोज घालून रुळव. भिजलेली सुती साडी अंग सोलते, पटकन सुकणारा सलवार-कुर्ता घाल."

निघायच्या पहाटे मात्र रुळलेल्या बुटांच्या जागी कोरे, पायाला घट्ट बसणारे बूट होते.

"जुने टाकून दिले. ही माझी भेट," रघुनंदन नजर चुकवत म्हणाला.

"कोऱ्या बुटांनी पायाला फोड येतात, हे तुला ठाऊक नाही?"

"फोड आले की परत येशील, असं वाटलं. या वयात घाट कशाला चढायचा?"

"तोंडावर नको म्हणाला असतास तर मी भांडले असते रे. तू तर हसत हसत शिकवत राहिलास."

घाटातल्या पावसासाठी ठेवलेल्या वापरातल्या सँडल अहल्याबाईंनी पिशवीतून काढल्या, मोज्यांवर चढवल्या आणि पट्टे आवळले. खाली मंडळी वाट पाहत होती. "येते" न म्हणताच त्या जिना उतरल्या.