म्हसळ्यातलं हेल्मेट-प्रात्यक्षिक

सन २०२३. जानेवारीतला रस्ता सुरक्षा सप्ताह. म्हसळ्यात त्या वर्षी भाषणांऐवजी व्हिडिओ दाखवायचं ठरलं आणि ते काम दुचाकीच्या शोरूमवाल्या रितेशने स्वतःहून अंगावर घेतलं. कॉलेजच्या हॉलमध्ये अधिकारी येणार, पडद्यावर आपलं तोंड दिसणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या डोक्याबद्दल पुढे येईलच.

मी आवडाबाई. इथल्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी गाव मला अजून सिस्टरच म्हणतं. मी लागले तेव्हा तालुक्यात मोजून सात मोटारसायकली होत्या आणि त्यांचे मालकही मला पाठ होते. जंगलखात्याचे एक साहेब तेवढे हेल्मेट घालत. चामड्याचा पट्टा हनुवटीखाली ओढून बांधत आणि मग गाडीला किक मारत. पोरं त्यांना हसत. ते साहेब एकदा देवघर गावच्या वळणावर गाडीसकट शेतात गेले. दवाखान्यात आले ते लंगडत, पण स्वतःच्या पायांनी, डोक्यावरचं हेल्मेट तसंच ठेवून.

पुढे गाड्या वाढल्या, हेल्मेटंही वाढली. आणि मी एक गोष्ट पाहू लागले. जखमी माणूस स्ट्रेचरवर यायचा आणि त्याचं हेल्मेट मागून येणाऱ्या कोणाच्या तरी हातात. हेल्मेटवर साधा ओरखडा नाही. पहिल्याच हिसक्याला ते डोक्यावरून उडालेलं असायचं. नातेवाईक मला सांगायचे, "हेल्मेट घातलं होतं हो सिस्टर." मी त्यांना काय सांगणार?

म्हणून मृणाल माझ्याकडे आली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ही मेंदडीची मुलगी. नवी मुंबईत चार वर्षं भाड्याच्या खोलीत काढून कंटाळून परत आलेली. रितेशच्या शोरूममध्ये सहा महिन्यांच्या बोलीवर होती. महिनाअखेरीस तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. कायम झाली तर आईजवळ घरी राहणार, नाही तर पुन्हा ती खोली. व्हिडिओ तिने लिहिला होता. एका वेळी एक चूक दाखवायची, ती का वाईट ते मी सांगायचं, आणि शेवटी बरोबर पद्धत रितेश दाखवणार. मापाचं सगळं बघायला स्टँडजवळच्या हेल्मेटच्या दुकानातला मुसअब येणार. तो कतारला नऊ वर्षं राहून आलेला, टेप गळ्यात घालून फिरणारा, शिंप्यासारखा.

"चुका करून दाखवायला माणसं लागतील," मृणाल म्हणाली. "त्यांना शिकवावं लागेल."

शिकवावं काही लागलं नाही. म्हसळ्याच्या माणसाला हेल्मेट चुकीचं घाल असं सांगायची कधीच गरज पडत नाही.

पहिले बाबाजी. दिवेआगरला त्यांची सुपारीची वाडी, वय पासष्ट, स्कूटरवरून म्हसळ्याला रोजची फेरी. मृणालने त्यांना सांगितलं, "काका, तुम्ही नेहमी घालता तसं घाला."

त्यांनी घातलं. टोपीसारखं मागे सरकवून, आख्खं कपाळ उघडं.

"हे असं का?" मी विचारलं.

"गंध पुसतं, सिस्टर. सकाळी पूजा करून निघतो मी."

"पडलात तर आधी काय आपटेल?"

बाबाजींनी विचार केला. "कपाळ," ते म्हणाले. आणि हेल्मेट होतं तिथेच राहू दिलं. मुसअबने शेवटी स्वतःच पुढे ओढून भुवयांच्या वर दोन बोटांवर आणलं. "काका, गंध पोहोचल्यावर लावा. अल्लाला आणि तुमच्या देवाला, दोघांनाही घाई नसते." बाबाजींनी कॅमेऱ्यापुढे पुसलेलं गंध रुमालाने चारदा टिपलं.

दुसरा साहिल, पार्सलं पोहोचवणारा. दिवसाला चाळीस दारं. त्याच्या हेल्मेटचा पट्टा कायम लावलेलाच. लांब सोडून, माळेसारखा. डोकं आत घालायचं, डोकं बाहेर काढायचं, बकल उघडायचंच नाही. मृणालने विचारलं, "दादा, ही चूक आहे ते माहीत आहे ना?" तर तो म्हणाला, "चूक कुठं हाय ताई? पट्टा लावलेलाच हाय की." त्याच्या गळ्याच्या आणि पट्ट्याच्या मधे माझी आख्खी मूठ गेली. एक बोट, फार तर दोन बोटं जायला हवीत आणि तोंड मोठं उघडलं की हेल्मेट खाली ओढल्यासारखं वाटायला हवं, एवढं मी बोलले. साहिलने तोंड उघडून दाखवलं. हेल्मेट हललंसुद्धा नाही. त्याला तो विजय वाटला.

सदा कोळी मात्र मला बरा वाटला होता. मागे मासळीचे क्रेट बांधून भरडखोलहून येतो. त्याचं हेल्मेट मापाचं, पुढे ओढलेलं, पट्टा ताणलेला. कट्कन आवाज करून त्याने बकल लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पट्टा धरून जरा जोरात ओढला. सुटला. खाऱ्या हवेने आणि मासळीच्या पाण्याने आतली दातेरी पट्टी गंजून गेलेली. आवाज करत होती, धरत नव्हती.

"दोन वर्सं झाली, आवाज येतोय ना, म्हनून मी..." सदा म्हणाला.

"लावलं की ओढून बघायचं," मुसअब म्हणाला. "किनाऱ्यावर तर रोज. गंजलं की ते गेलं, ग्रीस लावत बसू नको."

तिघांचंही त्यांच्या मते अगदी बरोबर होतं. तिघंही व्हिडिओत आपण चांगलं उदाहरण म्हणून आलो अशाच समजुतीने घरी गेले.

आता राहिला रितेश. बरोबर पद्धतीचा नमुना. केस नुकतेच कापलेले, शर्टाला कडक इस्त्री, हातात शोरूमचं चकचकीत हेल्मेट. कायद्याने गाडीबरोबर हेल्मेट द्यावं लागतं, ते हा देतो. कसं देतो ते मी कितीदा पाहिलं आहे. गाडीला हार, हेल्मेटला कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, किल्ली हातात घेतलेला फोटो. हेल्मेट प्लॅस्टिकच्या पिशवीत आरशाला टांगलेलं. एकाही माणसाने शोरूममध्ये ते डोक्यात घालून पाहिलेलं मला आठवत नाही. मुहूर्ताच्या वस्तूची पिशवी दुकानात फोडायची नाही, असा काहीतरी नियम माणसांनी आपापला करून घेतला आहे. रितेशला ते बरंच पडतं, कारण तो एकच माप मागवतो.

त्याने हेल्मेट घातलं. कपाळावर नीट. पट्टा हनुवटीखाली, घट्ट, एका बोटाचा. बकल ओढून दाखवलं. मला कबूल करावं लागलं, सगळं बरोबर होतं.

"आता सिस्टर म्हणतील, शाब्बास," तो कॅमेऱ्याला म्हणाला.

"एक बघणं राहिलं," मी म्हणाले. त्याच्या मागे गेले, हेल्मेटची मागची कड खालून धरली आणि वर, पुढे ढकलली. पट्टा हनुवटीवरून घासत गेला आणि हेल्मेट त्याच्या नाकावरून माझ्या हातात आलं. जोर लावावा लागला नाही. माझ्या हाताला संधिवात आहे.

मुसअबने टेप काढली, भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवली. "छप्पन सेंटिमीटर," तो म्हणाला. हेल्मेट उलटं करून आतलं लेबल वाचलं. "हे बासष्टचं. शेठ, हे डोक्यावर नाही, डोक्याभोवती आहे."

"डिलीट कर," रितेश म्हणाला.

"सर, पण हीच तर खरी..."

"मृणाल, चार वर्षं मी हेच माप दिलंय. बाई असो, पोर असो. हे पडद्यावर गेलं तर उद्या आख्खा तालुका माझ्या दारात. मापाचा सगळा भाग काढ. बाकीचे बिनडोक राहू देत." मग जरा थांबून, "महिनाअखेर जवळ आलीय, लक्षात आहे ना?"

त्या मुलीचा चेहरा मी पाहिला. मी तिला सल्ला दिला नाही. दुसऱ्याच्या नोकरीवर शहाणपण सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. इतकंच सांगितलं, की उडालेली हेल्मेटं मी एकतीस वर्षं टेबलावर ठेवली आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांचे पट्टे लावलेले होते.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी हॉल भरला. रितेश पहिल्या रांगेत, अधिकाऱ्यांच्या शेजारी. बाबाजी आले, साहिल आला, सदा आला. स्वतःला पडद्यावर पाहून तिघांचे चेहरे उतरत गेले आणि लोक पोट धरून हसले. जो तो शेजाऱ्याला हसत होता आणि प्रत्येकाच्या मांडीवर तसलंच एक हेल्मेट होतं. मग रितेश दिसला. कपाळ, पट्टा, बकल. मृणालने काहीही काढलेलं नव्हतं. माझा हात मागून आला, हेल्मेट निघालं, मुसअबचं "बासष्ट" हॉलभर ऐकू गेलं.

हसू थांबलं. बाबाजी उठले. "रितेश, माझ्या सुनेला हेल्मेट तूच दिलंयस."

"कार्यक्रम संपल्यावर बोलू, काका."

"ती बाहेर उभी आहे गाडीजवळ. आत्ताच बघू."

सगळे अंगणात. बाबाजींची सून डोक्यात हेल्मेट घालून, पट्टा लावून उभी राहिली. मृणालने मागून धरलं. निघालं. मग एकेकजण आपापलं घालून पाठ करून उभा राहू लागला. नवऱ्याने बायकोचं ओढलं, मुलाने बापाचं. शोरूमच्या स्वस्तिकाची वीस-बावीस हेल्मेटं दहा मिनिटांत डोक्यांवरून उतरली. अधिकारी साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच स्वतःचं ओढून पाहिलं. ते मापाचं निघालं, तेवढ्यावर ते फार खूश झाले.

मृणालला त्याच संध्याकाळी शोरूममधून काढलं.

ती नवी मुंबईला गेली नाही. मुसअबने तिला दुकानात घेतलं. आधी डोकं मोजायचं, मग हेल्मेट दाखवायचं, ही तिची शिस्त. टेप आता तिच्या गळ्यात असते. माणगावच्या एका ड्रायव्हिंग स्कूलने तिला दर शनिवारी शिकवायला बोलावलं, तिथे ती अजून जाते. रितेशने महिनाभर दारात भांडणं सोसली, मग तीन मापं मागवू लागला. आता नव्या गाडीच्या पूजेला पिशवी फोडून हेल्मेट घालायला लावतो आणि ही कल्पना आपली, असं सांगतो. गेल्या वर्षी त्याचा सत्कारही झाला. मी गेले नाही.

बाबाजी दोन वर्षांपूर्वी गेले, घरात, अंथरुणावर, झोपेत. शेवटपर्यंत गंधाची डबी खिशात घेऊन निघत. साहिल साई गावच्या घाटात वाळूवर घसरला. पट्टा एका बोटावर आवळलेला होता. हेल्मेटची एक बाजू सोलवटली, गळपट्टीचं हाड मोडलं, डोकं शाबूत. आईच्या उपासामुळे वाचलो, असं तो सांगतो. सदाने नवीन हेल्मेट घेतलं, पण जुनं टाकवेना म्हणून बायकोला दिलं. ती रोज क्रेटांच्या पुढे, त्याच्या मागे, ते घालून बसते. मृणालने तिला दोनदा दुकानात बोलावलं आहे. ती म्हणते, आवाज येतोय ना.