बीट निघाली

राजूरला कचरूशेठचं किराणा दुकान आहे. तिथं मी रोज बसतो. चहा फुकट असतो आणि शेठचं बोलणं त्याच्याहून फुकट.

शेठ जैन, आणि तेही कडक. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, जमिनीखालचं काहीच घरात येत नाही. एवढ्यावर थांबला असता तर देवमाणूस म्हटलं असतं. पण याला दुसऱ्याच्या ताटात वाकून बघायची खोड. मागच्या वर्षी भोकरदनहून याचे व्याही माणकचंद मोठ्या हौसेनं चिवड्याची पाकिटं घेऊन आले. शेठनं पाकीट डोळ्याला लावलं, बारीक अक्षरात बटाट्याचं स्टार्च शोधलं आणि भरल्या घरात चिवडा परत केला. व्याही बिचारा पिशवी सावरत एस.टी.त बसला. त्याचीच पोरगी भावना इथं सून.

यंदा भावनानं अठाई केली. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. उद्या पारणं. येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी वाटायचं असतं, त्याला प्रभावना म्हणतात. शेठनं गुलाबी वेफर बिस्किटांची खोकी मागवली होती.

"हिरवा ठिपका हाये," शेठ मला म्हणाला. "कांदा-लसूण न्हाई असं वर छापलंय. अजून काय पाहिजे?"

भावना आतल्या दारापाशी भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढं केला. "पप्पाजी, बघू. हिरवा ठिपका म्हणजे मांस-मच्छी-अंडं न्हाई, एवढंच. बटाट्याला तो कुठं अडवतो?"

"मलाच शिकव आता!"

"तुमच्याकडूनच शिकले. चिवड्याच्या वेळी."

मी चहात बघितलं.

पाकिटावर सगळं इंग्रजी, मुंगीच्या पायाएवढं. भावना वाचत गेली. मैदा, साखर, वनस्पती तेल. ३२२ म्हणजे लेसिथिन, पुढं कंसात सोया लिहिलेलं. ५०० म्हणजे खायचा सोडा. मग आलं स्टार्च. कशाचं ते लिहिलं नव्हतं. आणि शेवटी रंग, १६२.

"हे आकडे हायेत का एस.टी.च्या गाड्या?" मी म्हणालो.

पाकिटावर कंपनीचा फोन होता. भावनानं लावला, आवाज मोठा केला. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग एक पोरगी हिंदीत बोलायला लागली. स्टार्च मक्याचं निघालं. शेठनं मांडीवर थाप मारली.

"और कलर, एक सौ बासठ?" भावनानं विचारलं.

"बीट का है मॅडम. बिलकुल नॅचरल."

मी उडालो. "कबुतराची?"

"अरे येड्या," शेठ कळवळून ओरडला, "बीट निघालं, बीट! लाल गड्डा! कंद हाये तो!"

"मंग कबुतराचीच बरी होती. ती तरी वरून पडती."

शेठ हसला नाही. खोक्यांकडं बघत हळूच म्हणाला, "भावना, रंग केवढा असतो? चिमूटभर. अन् आकडा कोण वाचतंय?"

"माझे बाबा वाचतील. त्या चिवड्यापासून ते मिठाचंही पाकीट वाचून राह्यलेत."

"व्याह्यांना कळायला नको पण."

"आणि मी कुणाला हे वाटलं, तर माझे आठ दिवस कशाला?"

शेठनं खोकी माझ्याकडं सरकवली. बिस्किटं माझ्या घरी गेली. आमच्या पोटांनी बटाट्यापासून बोकडापर्यंत सगळं पाहिलंय, बीट म्हणजे त्यांना पाहुणाच. प्रभावनेला खडीसाखर आणि खारीक ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर भरलं. माणकचंद आले. या वेळी हातात पिशवी नव्हती, फक्त श्रीफळ. भावनापुढं मुगाच्या पाण्याची वाटी ठेवलेली. माणकचंदांनी खडीसाखरेची पुडी उलटसुलट केली. वाचायला काहीच नव्हतं.

"ब्याहीजी," ते म्हणाले, "फोनवर तर बिस्किटं म्हणत होता?"

शेठ माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं. कालच त्यानं मला शिकवलं होतं, बीट निघालं. आज तो खाकरला आणि म्हणाला,

"वाटता न्हाई आली. त्यात बीट निघाली."

एकच अक्षर हललं आणि बाया "अगं बाई!" म्हणून पदर नाकाला लावायला लागल्या. कंपनीवाल्यांच्या गोदामात कबुतरं फार, असं कुणीतरी लगेच सांगितलं. माणकचंद तर हळहळले. "काय जमाना आला! तुम्ही पाहिलं म्हणून बरं."

शेठनं मान नम्रपणे झुकवली. खोटं तर बोलला नव्हता.

भावनानं वाटी तोंडापर्यंत नेली होती. ती खाली ठेवली.

"पप्पाजी," ती म्हणाली, आवाज बारीक पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "निघाली न्हाई. निघालं."

शेठ लाल झाला, अगदी एकशे बासष्ट.

"निघालं," तो म्हणाला. "बीट. कंद. माझ्या बिस्किटात. मी तर नुसता हिरवा ठिपका बघितल्ता, पोरीनं धरलं."

माणकचंदांनी पुडी पुन्हा एकदा उलटून बघितली. मग पोट धरून असे हसले की श्रीफळ हातातून सुटलं. हसू आवरल्यावर त्यांनी वाटी उचलली आणि पोरीच्या ओठाला लावली.